गहू बंद करण्यापूर्वी रक्त का तपासावे?

१. प्रश्न कोठून सुरू होतो

पोट सतत फुगते, जुलाब थांबत नाहीत, वजन घटते किंवा हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नाही, आणि अशा वेळी गव्हाची पोळी बंद केल्यावर चार दिवसांत बरे वाटू लागते. मग गव्हाचाच त्रास आहे हे उघड झालेले असताना रक्त तपासण्याची, त्याहून पुढे जाऊन एंडोस्कोपी करण्याची गरज काय, असा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, कारण पथ्य करून पाहणे स्वस्त आणि सोपे असते, तर तपासणीला पैसा लागतो आणि ती नकोशीही वाटते. तरीही सिलिअॅक या आजाराच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला की निदान अडकून पडते. असे का होते हे कळण्यासाठी प्रथम आतड्यात काय घडते ते पाहावे लागते.

गहू बंद केल्यावर बरे वाटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, हेही येथेच नोंदवले पाहिजे. गव्हात ग्लुटेन असते तसेच फ्रुक्टान नावाची शर्कराही असते. ती मोठ्या आतड्यात आंबते आणि संवेदनशील आतडे असलेल्यांना वायू व मुरडा यांचा त्रास देते. काहींना गव्हाची अॅलर्जी असते, जिच्यात गहू खाल्ल्यावर मिनिटांत किंवा काही तासांत पित्ताच्या गांधी, उलट्या किंवा श्वासाचा त्रास होतो. बिस्किटे, पाव आणि तळलेले पदार्थ एकदम बंद झाले तरी पोट हलके वाटतेच. म्हणजे बरे वाटले ही गोष्ट खरी असते, परंतु तिच्यावरून आजाराचे नाव ठरत नाही, आणि या अवस्थांमध्ये पथ्य किती कडक असावे, किती काळ असावे व घरातील इतरांनी तपासून घ्यावे की नाही याची उत्तरे अगदी वेगवेगळी आहेत.

२. आतड्यात काय घडते

ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन आहे. कणीक मळताना तिला जो चिकटपणा व ताण येतो तो त्याच्यामुळे. जव आणि राय या धान्यांतही त्याच कुळातील प्रथिने असतात. ही प्रथिने माणसाच्या पचनरसांना पूर्णपणे तोडता येत नाहीत आणि त्यांचे काही मोठे तुकडे लहान आतड्यात तसेच उरतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. परंतु ज्यांच्या शरीरात डीक्यू२ किंवा डीक्यू८ या नावाने ओळखले जाणारे जनुकीय प्रकार असतात त्यांच्यापैकी काहींची रोगप्रतिकारक यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते. आतड्याच्या अस्तरात ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन असते. ते या तुकड्यांमध्ये थोडा बदल करते आणि बदललेला तुकडा प्रतिकारक पेशींना अधिकच चिथावतो. परिणामी शरीर ग्लुटेनविरुद्ध आणि त्याबरोबर स्वतःच्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे हल्ल्यासाठी घडवलेली प्रथिने, तयार करू लागते. म्हणून सिलिअॅक ही अॅलर्जी नसून शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार मानला जातो.

या हल्ल्याची जागा म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. तेथील अस्तर मखमलीसारखे असते आणि तिच्या उभ्या लवीप्रमाणे असंख्य सूक्ष्म रसांकुर अन्नरस शोषून घेत असतात. आजार सुरू झाला की हे रसांकुर आखूड होत जातात व शेवटी सपाट होतात. लोह, फॉलिक आम्ल आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः याच भागात होत असल्यामुळे आजाराची पहिली खूण पुष्कळदा पोटात दिसतच नाही. ती गोळ्या घेऊनही न सुधारणाऱ्या रक्तक्षयात, मुलाच्या खुंटलेल्या उंचीत, लांबलेल्या पाळीत, वारंवार येणाऱ्या तोंडातील फोडांत किंवा ठिसूळ हाडांत दिसते. दूध पचवणारे विकर रसांकुरांच्या टोकाशी असते, त्यामुळे अशा रुग्णाला काही काळ दूधही सोसत नाही आणि घरचे दुधालाच दोष देत राहतात.

ग्लुटेन आणि हा आजार यांचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या युद्धकालीन दुष्काळात तेथे पाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांचे सिलिअॅकग्रस्त बालरुग्ण सुधारले आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. या विषयावरील त्यांचा प्रबंध १९५० साली सादर झाला. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण उत्तरेकडे सुमारे शंभरात एक, तर दक्षिणेकडे हजारात एक असे आढळले. दोन्हीकडे जनुकांचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते, गव्हाचे ताटातील प्रमाण मात्र फार वेगळे होते. ज्वारी-बाजरी मागे पडून दोन्ही वेळा पोळी खाण्याची सवय जडलेल्या मराठी घरांनी ही बाब ध्यानात घ्यावी अशी आहे.

३. रक्तात नेमके काय शोधले जाते

पहिली तपासणी टीटीजी-आयजीए या नावाने होते. आतड्यातील त्या विकराविरुद्ध तयार झालेली आयजीए प्रकारची प्रतिपिंडे रक्तात किती आहेत हे ती मोजते. तिच्याबरोबर एकूण आयजीए किती आहे हेही मोजावे लागते, कारण काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही आणि सिलिअॅकच्या रुग्णांत अशांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. त्यांचा टीटीजी-आयजीए अहवाल आजार असूनही निर्दोष दिसतो. तेव्हा आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांची वेगळी तपासणी करावी लागते. शंभर-दीडशे पदार्थांची यादी देऊन कोणता पदार्थ 'सोसत नाही' हे सांगणाऱ्या महागड्या आयजीजी चाचण्यांशी या तपासणीचा काही संबंध नाही. त्यांवरून सिलिअॅकचे निदान होत नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. ही प्रतिपिंडे ग्लुटेन पोटात येत असेपर्यंतच तयार होत राहतात. ते थांबले की नवी निर्मिती मंदावते, आधीची प्रतिपिंडे हळूहळू नाहीशी होतात आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पातळी घसरत सर्वसाधारण मर्यादेत येते. उपचार यशस्वी झाल्याची हीच खूण असते. परंतु निदानच झालेले नसेल तर तोच अहवाल 'आजार नाही' असे सांगतो. त्यामुळे गहू सोडून तपासलेले रक्त निर्दोष आले तर आजार मुळातच नव्हता की पथ्याने झाकला गेला, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येत नाही.

रक्ताचा अहवाल सदोष आला तर प्रौढांमध्ये बहुधा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अस्तराचे पाच-सहा बारीक तुकडे तपासायला पाठवले जातात. त्याला बायोप्सी म्हणतात. एकाहून अधिक तुकडे घेतात कारण इजा सर्वत्र सारखी नसते. लहान मुलांत टीटीजीची पातळी वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातील एंडोमायशियल प्रतिपिंडांची तपासणीही त्याला दुजोरा देत असेल, तर बालपोटविकारतज्ज्ञ बायोप्सीशिवायही निदान करतात. केवळ बायोप्सीवर मात्र विसंबता येत नाही, कारण आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू या आजारात आणि जिआर्डियासारख्या जंतुसंसर्गातही रसांकुर आखूड होतात. रक्त आणि अस्तर यांची साक्ष जुळली की निदान पक्के होते, आणि म्हणून दोन्ही तपासण्या होईपर्यंत रोजचे जेवण पूर्वीसारखेच चालू राहणे आवश्यक असते.

४. गहू आधीच बंद झाला असेल तर

समजा, ३२ वर्षांच्या एका शिक्षिकेचे हिमोग्लोबिन ८.४ आहे, सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढलेले नाही आणि अधूनमधून पोट बिघडते. नात्यातील कुणाच्या सल्ल्याने तिने गहू सोडला, बरे वाटले, आणि पाच आठवड्यांनी तिने टीटीजी-आयजीए तपासून घेतले. ज्या प्रयोगशाळेत वरची मर्यादा १० आहे तेथे तिचा आकडा १४ आला. एकूण आयजीए ठीक होते. हा आकडा पाहून दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. पाच आठवड्यांपूर्वी तो ४० असेल आणि आता उतरत आला असेल. किंवा तो आधीपासूनच १४ असेल, कारण यकृताच्या काही विकारांत व इतर काही आजारांतही टीटीजी किंचित वाढलेले दिसते.

अशा वेळी एक तपासणी आहाराच्या पलीकडे असते, ती म्हणजे डीक्यू२ व डीक्यू८ यांची जनुकीय तपासणी. दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळजवळ निश्चितपणे बाजूला सारता येतो आणि रक्तक्षयाचे दुसरे कारण शोधायला लागता येते. ती असली तर मात्र निदान होत नाही, कारण तीस-चाळीस टक्के निरोगी लोकांतही ती आढळतात. शिक्षिकेमध्ये डीक्यू२ सापडले असे धरले, तर पुढचा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ पुन्हा गहू खाणे, ज्याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात.

त्याचे प्रमाण घरच्या पोळीवरून काढता येते. एका मध्यम पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात साधारण ३ ग्रॅम प्रथिन असते आणि त्याचा तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग ग्लुटेन असतो, म्हणजे एका पोळीतून सुमारे अडीच ग्रॅम ग्लुटेन मिळते. सकाळी एक व संध्याकाळी एक अशा दोन पोळ्या रोज खाल्ल्या तर पाच ग्रॅम होतात, आणि हे सहा ते आठ आठवडे चालू ठेवल्यास बहुतेक रुग्णांत अहवाल बोलका होतो. त्रास असह्य झाल्यास दोन आठवड्यांनीच तपासणी उरकतात, कारण काहींच्या अस्तरात तेवढ्या काळातही बदल दिसू लागतात. शिक्षिकेचा आकडा आठ आठवड्यांनी ६२ झाला आणि बायोप्सीत रसांकुर सपाट दिसले, तर शंका उरत नाही. गरोदरपणी हा प्रयोग करीत नाहीत, आणि पाच वर्षांखालील मुलांत व वयात येण्याच्या काळात तो शक्यतो टाळतात. ज्यांनी दोनच दिवसांपूर्वी गहू सोडला आहे त्यांचा प्रश्न बराच सोपा असतो: त्यांनी पूर्ववत जेवण सुरू करून लगेच डॉक्टरांकडे जावे.

इतका खटाटोप करायचा तो पुढचे पथ्य आजन्म आणि अतिशय काटेकोर असते म्हणून. अर्धवट निदानावर कुणी ते तीस वर्षे पाळू शकत नाही. सणावाराला एखादी पुरणपोळी खाल्ली जाते, काही झाले नाही असे वाटते, आणि आतील इजा मात्र चालू राहते.

५. चिमूटभर पीठ म्हणजे किती

सिलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते. ५० मिलिग्रॅम रोज जात राहिल्यास अस्तराला इजा होते असे दिसून आले आहे. वरच्या हिशेबाने एका पोळीत २,५०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे १० मिलिग्रॅम हा पोळीचा अडीचशेवा भाग झाला. भाकरी थापताना चुकून गव्हाची पिठी घेतली, तर ही मर्यादा पहिल्याच भाकरीत ओलांडली जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असे लिहायचे त्याच्या एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. असे पीठ दिवसाला ३०० ग्रॅम खाल्ले तरी पोटात ६ मिलिग्रॅमच जाते, यावरून या मर्यादेमागील विचार लक्षात येईल.

मराठी स्वयंपाकात धोक्याची जागा धान्यापेक्षा गिरणी ही आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा यांपैकी कशातही ग्लुटेन नसते. परंतु गव्हामागून तीच ज्वारी त्याच जात्यात पडली की पाळ्यांत व नळीत अडकलेली कणीक तिच्यात उतरते, आणि हे नजरेला दिसत नाही. म्हणून धान्य अख्खे आणावे, गव्हाचे दाणे निवडून काढावेत, धुऊन वाळवावे आणि जिच्यात गहू कधीच दळला जात नाही अशा घरघंटीवर दळावे. दुकानातील सुटे बेसन व सुटी पिठे यांनाही हीच शंका लागू पडते. पोळपाट, लाटणे, चाळणी आणि लाकडी परात वेगळी ठेवावी लागते, कारण लाकडाच्या खाचांत व जाळीत पीठ राहतेच. लोखंडी तवा व स्टीलची भांडी मात्र नीट घासून वापरता येतात. एकाच ओट्यावर कणीक मळली जात असेल तर रुग्णाची भाकरी आधी करून झाकून ठेवणे सोयीचे पडते.

त्याखालोखाल फसवणारे पदार्थ येतात. रवा, मैदा, शेवया, लापशी आणि कुरडई हे गव्हाचेच आहेत हे सांगावे लागत नाही. पण मेतकुटात परंपरेने गहू भाजून घालतात, थालीपिठाच्या भाजणीत तो असतो, सातूच्या पिठात जव व गहू असतात आणि हिंगाच्या डबीत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे डबीवरील घटकांची यादी वाचून तांदळाच्या पिठातला हिंग निवडावा लागतो. माल्ट घातलेली पेये जवाची असतात. खपली गहू हा जुना वाण असला तरी गहूच आहे. तो 'सोसतो' म्हणून सिलिअॅकच्या रुग्णाला देणे सरळ चुकीचे आहे. ओट्समध्ये स्वतःचे ग्लुटेन नसले तरी बाजारातील ओट्समध्ये गहू किंवा जव मिसळलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पहिले काही महिने ते न खाणे आणि पुढेही ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेलेच घेणे बरे.

६. शाकाहारी ताट कसे भरावे

गहू काढला की शाकाहारी जेवणातून प्रथिनाचा एक मोठा वाटा निघून जातो, आणि त्याची जागा साबुदाणा, तांदूळ व बटाटा यांनी भरली तर पोट भरते पण ताट रिकामेच राहते. उपवासाचे पदार्थ ग्लुटेनमुक्त असतात म्हणून रोज खिचडी करणारी घरे आहेत. शंभर ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिन नसते. त्यामुळे गव्हाच्या जागी ज्वारी-बाजरी आणावी आणि प्रत्येक जेवणात कडधान्य, डाळ किंवा दही यांपैकी काहीतरी असावे, असे नियोजन करावे लागते.

वर सांगितलेल्या शिक्षिकेचे वजन ५५ किलो असेल तर तिला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन लागेल. सकाळी ४० ग्रॅम नाचणीची आंबील किंवा सत्त्व घेतले तर त्यातून ३ ग्रॅम मिळेल. दुपारच्या दोन ज्वारीच्या भाकरींना १०० ग्रॅम पीठ लागते, त्यातून १० ग्रॅम आणि ४० ग्रॅम मटकीच्या उसळीतून आणखी ९ ग्रॅम येईल. मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम, रात्रीच्या वरणभातातून १३ ग्रॅम आणि दिवसभरातल्या वाटीभर दह्यातून ५-६ ग्रॅम मिळून बेरीज ४७-४८ वर जाते. दूध सोसू लागल्यावर एक पेला दूध आले की आणखी भर पडते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकली जाणारी महागडी बिस्किटे व पाव यांवाचून हे सर्व भागते. ते बहुधा स्टार्च, साखर व चरबी यांचेच असतात.

हाडांसाठी नाचणी उपयोगी पडते, कारण शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तीळ आणि ताक त्यात भर घालतात. लोहासाठी बाजरी, कडधान्ये आणि पालेभाज्या आहेत, पण वनस्पतींतील लोह शरीरात कमीच शिरते, म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि चहा जेवणापासून तासभर तरी दूर असावा. तरीही ८.४ हिमोग्लोबिन केवळ ताटावर सुधारण्याची अपेक्षा धरू नये. रसांकुर परतू लागले की तीच लोहाची गोळी लागू पडते, आणि तोवर काहींना शिरेतून लोह द्यावे लागते. बी१२ जीवनसत्त्व दूध-दह्याखेरीज शाकाहारात जवळजवळ मिळतच नसल्याने ते आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीलाच तपासून कमतरता औषधाने भरून काढणे योग्य ठरते.

७. पथ्य लागू पडते आहे हे कसे कळते

पोटाचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, परंतु अस्तर पूर्ववत व्हायला प्रौढांमध्ये दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, म्हणून बरे वाटण्यावर भिस्त न ठेवता सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी टीटीजी मोजतात. शिक्षिकेचा आकडा ६२ वरून सहा महिन्यांत २५ आणि वर्षाने ८ झाला तर पथ्य नीट चालले आहे. तो वर्षानेही ४०-५० वर अडला असेल, तर आजार हट्टी आहे असे मानण्यापूर्वी पीठ कोठे दळले जाते, हिंग कोणता आहे, मेतकूट कोणी केले, शाळेतल्या डब्यात काय अदलाबदल होते, याची आहारतज्ज्ञाबरोबर बसून पदार्थवार यादी करावी लागते, आणि बहुतेक वेळा कारण त्या यादीतच सापडते. टीटीजी मर्यादेत असूनही रक्तक्षय किंवा जुलाब टिकून राहिले तर पोटविकारतज्ज्ञ पुन्हा एंडोस्कोपीचा विचार करतात.

रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यापैकी साधारण दहात एकाला हा आजार असू शकतो, आणि त्यांना कसलाही त्रास जाणवत नसला तरी त्यांचे टीटीजी तपासणे योग्य असते. सोय म्हणून सगळ्या घराने गहू सोडायचे ठरवले असेल, तर या सर्वांचे रक्त त्याआधी देऊन घ्यावे. लहान मुलांचा अहवाल एकदा निर्दोष आला तरी आजार पुढे कोणत्याही वयात उद्भवू शकतो, त्यामुळे वाढ मंदावली किंवा रक्तक्षय दिसू लागला तर ती तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.